विचारा ना कुणाला तरी

नवराबायको शेजारी शेजारी बसून मोटारीने प्रवास करू लागले, त्यानंतर लवकरच ‘अहो, विचारा ना कुणाला तरी’ हे वाक्य जन्माला आलं असावं. ते डाव्या सीटवरून येतं. उजव्या सीटवरून त्याला ठरलेली उत्तरं आहेत. पहिल्या वेळी ‘माहितेय मला रस्ता’. दुसऱ्या वेळी ‘थोडं पुढे जाऊन बघू’. तिसऱ्या वेळी तोंडी उत्तर येत नाही, नुसता गाडीचा वेग वाढतो. रस्ता चुकल्यावर वेग वाढवण्यात काय हशील, असा प्रश्न मागच्या सीटवरच्या माणसाला पडतो. पण मागच्या सीटवरच्या माणसाने असले प्रश्न मनातच ठेवायचे असतात. चालवणाऱ्याचा हिशोब साधा असतो. बरोबर रस्ता पुढे कुठेतरी आहेच. तो जितक्या लवकर येईल, तितक्या लवकर हा विषय मिटेल.

एरवी आपण विचारण्यात मागे राहणारे लोक नाही. रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या अनोळखी माणसाला गाव कोणतं, नोकरी कुठे, पगार किती आणि मुलीचं जमलं का, हे सगळं दादरहून निघालेला माणूस कर्जत यायच्या आत विचारून मोकळा होतो. भाजीवालीला गवार आजची की कालची हे विचारताना तोच माणूस जरासुद्धा संकोचत नाही. मात्र स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या जिभेला कुलूप लागतं. रस्त्याच्या कडेला टपरी असते, पंक्चरवाला असतो, पारावर नुसतीच बसलेली मंडळी असतात. काच खाली करायला एक बटण दाबायचं असतं. तरीही तो वारंवार त्याच चौकात येतो आणि दर वेळी चौक नवा असल्यासारखा चेहरा करतो.

याचं सर्वांना पाठ असलेलं कारण म्हणजे पुरुषी अहंकार. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली आलेल्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेतलं आणि ते जगभर गाजलं. त्यांचं म्हणणं नीट वाचलं तर नुसत्या अहंकारापेक्षा बारीक आहे. माहिती देणारा आणि घेणारा यांच्यात देणारा क्षणभर वरच्या पायरीवर उभा राहतो. बऱ्याच बायकांना त्या पायरीचं काही वाटत नाही, त्यांच्या लेखी दोन माणसं बोलली एवढंच घडतं. बऱ्याच पुरुषांना मात्र आधी पायरी दिसते. पंक्चरवाल्याला रस्ता विचारायचा म्हणजे पंक्चरवाला वर आणि आपण खाली, तेही बायकोच्या देखत. त्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटरचं पेट्रोल त्याला स्वस्त वाटतं.

हे पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. माझी एक मावशी आयुष्यभर स्कूटरवर पुणं फिरली. एकदा सदाशिव पेठेत उपाशी विठोबाच्या मागची एक गल्ली शोधताना ती खुन्या मुरलीधराला चांगल्या दोन प्रदक्षिणा घालून आली. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. दोन्ही वेळा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, दोन्ही वेळा मावशीने मान वळवली. ‘विचारलं का नाहीस?’ असं मी म्हटल्यावर ती खरोखरच बुचकळ्यात पडली. म्हणाली, ‘अरे, पण चुकले कुठे होते मी? फक्त सापडत नव्हतं.’

मला वाटतं, सगळं मर्म या उत्तरात आहे. न विचारणाऱ्या माणसाला आपण हट्टी समजतो, कारण तो चुकला आहे हे आपल्याला दिसत असतं. त्याच्या स्वतःच्या हिशोबात तो चुकलेलाच नसतो. चुकल्याचं कळूनही न विचारणारे लोक फार थोडे. बाकीच्यांची अडचण तोंडाची नसून त्याच्या बरीच आधीची आहे: ‘आपण चुकलो’ ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती वाटेत अडवली जाते.

जंगलात नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट शोधण्याचा एक खेळ आहे, ओरिएंटिअरिंग नावाचा. त्या खेळातले लोक आणि डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी पथकं या प्रकाराला ‘नकाशा वाकवणं’ म्हणतात. माणसाच्या डोक्यात एक चित्र असतं, समोर दुसरंच काही दिसत असतं. अशा वेळी चित्र खोडण्याऐवजी तो समोरच्या गोष्टींचा अर्थ बदलतो. खुंटी बसत नाही म्हणून भिंत सरकवावी, तसं. नकाशात तळं असायला हवं होतं आणि इथे माळ आहे? मग तळं आटलं असणार. ओढा डावीकडून वाहायला हवा होता आणि उजवीकडून वाहतोय? मग नकाशा जुना असणार. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक स्पष्टीकरण वेगळं काढून पाहिलं तर शक्य कोटीतलं असतं. तळी आटतात आणि नकाशे जुने होतात. अशी स्पष्टीकरणं एकामागून एक द्यावी लागत आहेत, हीच खरं तर चुकल्याची खूण असते. पण ती मोजत कोणी बसत नाही.

हे कसं घडतं ते मी मागच्या सीटवरून सविस्तर पाहिलं आहे. फोनमध्ये नकाशे यायच्या आधीची गोष्ट. ताई, दाजी आणि मी ठाण्याहून पुण्याला एका लग्नाला निघालो होतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. कार्यालय वडगावला. हरवू नये म्हणून ताईने पत्रिका फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. ती हरवली नाही, फ्रिजवरच राहिली. त्यामुळे आमच्याकडे आधार उरला तो एवढाच, की दाजींनी ती वाचलेली होती.

द्रुतगती महामार्ग संपला की पुण्यात न शिरता बाहेरून जाणारा बाह्यवळणाचा रस्ता लागतो. वाकड, बाणेर, चांदणी चौक, वारजे अशी ठिकाणं ओळीने येतात, मग मुठा नदी ओलांडली की वडगावचा पूल. या पुलाची खोच अशी, की सिंहगड रस्ता त्याच्या खालून जातो. वडगावला उतरायचं तर पूल यायच्या आधीच डावीकडच्या सर्व्हिस रोडला लागावं लागतं. एकदा पुलावर चढलात की वडगाव तुमच्या चाकांखालून मागे निघून जातं आणि वर तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. दाजी पुलावर चढले. अगदी झोकात चढले.

मग नवले पूल गेला. रस्ता चढाला लागला, डोंगर जवळ आले आणि समोर कात्रजचा नवा बोगदा उभा राहिला. ताई म्हणाली, ‘अहो, लग्नाला जाताना बोगदा लागेल असं कुणी म्हणालं नव्हतं.’ दाजी म्हणाले, ‘लागणार नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं.’ तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात खोट काढता येत नव्हती. बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुणं संपल्याचं कुणालाही दिसत होतं. इमारती थांबल्या, ढाबे सुरू झाले. दाजी म्हणाले, ‘पुणं किती वाढलंय बघ.’ नकाशा पहिल्यांदा वाकला तो इथे.

ताईने मैलाच्या दगडांकडे बोट केलं. त्यांच्यावर सातारा लिहिलेलं होतं आणि आकडा उतरत चालला होता. दाजींनी दगडाच्या डोक्याकडे लक्ष वेधलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, केशरी असला तर खेड्याकडे नेणारा रस्ता. दाजी म्हणाले, ‘पिवळा आहे ना? म्हणजे आपण हायवेवरच आहोत.’ हे शंभर टक्के खरं होतं. पत्रिकेत हायवे होता, आम्ही हायवेवर होतो. चुकलेल्या माणसाला असे खरे पण निरुपयोगी पुरावे भराभर सापडतात, आणि तो ते जपून ठेवतो.

पुढे खेड शिवापूरचा टोलनाका आला. त्या काळी टोल रोख द्यावा लागे, म्हणजे गाडी थांबवून काच खाली करून एका जिवंत माणसाशी व्यवहार करावा लागे. दाजींनी काच खाली केली. पैसे दिले, सुटे घेतले, पावती घेतली. हातभर अंतरावर असा माणूस बसला होता, ज्याला इथून जाणारा प्रत्येक रस्ता माहीत असणार. ताईने हळूच कोपर मारलं. दाजी काच वर करत म्हणाले, ‘मागे रांग लागलीय.’ रांग खरंच लागली होती. टोल कसला, या प्रश्नाला त्यांनी पुण्यात शिरण्याचा कर असं उत्तर दिलं. त्या वेळी आम्ही पुण्यापासून वीसेक किलोमीटर लांब जात होतो.

आता मात्र गाडीत एक वेगळीच अडचण उभी राहिली होती, आणि ती मला मागून स्पष्ट दिसत होती. वडगावच्या पुलानंतर लगेच विचारलं असतं तर दोन मिनिटांची चूक झाली असती, हसून विसरण्यासारखी. बोगद्यानंतर विचारलं असतं तर चूक थोडी मोठी. टोल भरल्यावर विचारायचं म्हणजे बोगदा, दगड आणि टोल या सगळ्यांची स्पष्टीकरणं एकदमच मागे घ्यावी लागणार होती. विचारण्याची किंमत दर किलोमीटरला चढत होती. आणि किंमत चढली की माणूस विचारत नाही, पुढे जातो. त्याने ती आणखी चढते. म्हणून जो पहिल्या दहा मिनिटांत विचारत नाही, तो तासाभरानेही सहसा विचारत नाही. बाहेरून याला आपण हट्ट म्हणतो. आत बसून पाहिलं तर तो कर्जबाजारी माणूस असतो.

आजूबाजूच्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 12 ऐवजी एमएच 11 वाढू लागलं. दाजी म्हणाले, साताऱ्याची माणसं पुण्यात फार. मग नीरा नदीचा पूल आला, आणि नदीपलीकडे सातारा जिल्ह्यात स्वागत करणारी पाटी. त्या पाटीचं स्पष्टीकरण दाजींना सुचेना. गाडी जरा हळू झाली. घड्याळात सव्वाबारा झाले होते. ‘चहा घेऊ या,’ दाजी म्हणाले.

यानंतर जे घडलं ते शिकण्यासारखं आहे. न विचारणारी माणसं कधीच विचारत नाहीत हा गैरसमज आहे. ती विचारतात, पण त्याचा प्रश्न होऊ देत नाहीत. कुणी पाण्याची बाटली विकत घेतं आणि पैसे देता देता हवापाण्याचं काढतं. कुणी टायरमध्ये हवा भरून घेतं. कुणी मुलाला पुढे करून ‘जा, काकांना विचारून ये’ म्हणतं, म्हणजे अज्ञान मुलाच्या नावावर जमा होतं. दाजींनी चहाचा घोट घेतला आणि दूर कुठेतरी बघत चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘इथून वडगावकडे बरीच वाहनं जात असतील.’

चहावाल्याने फडकं खांद्यावर टाकलं. ‘कंचं वडगाव?’

दाजी म्हणाले, ‘ते आपलं... कार्यालय आहे बघा तिथे.’

‘बुद्रुक का खुर्द? का शेरी? मावळातलं बी येक हाय, आन् बारामतीकडं निंबाळकराचं वडगाव.’

‘बुद्रुक,’ मागून ताई म्हणाली. तिला ते आत्ता आठवलं होतं.

‘मंग लय म्होरं आलाय की राव तुमी. ह्यो सातारा जिल्हा हाय. परत फिरा. बोगदा झाला की नवल्या पूल, त्याच्या म्होरल्या पुलाखालनं जावा.’

‘तेच म्हणतो मी,’ दाजी म्हणाले. कप ठेवून ते गाडीत येऊन बसले आणि ताईला म्हणाले, ‘बघ. वडगाव मागे राहिलंय.’ ही माहिती त्यांनी स्वतः मिळवली आहे असा त्यांचा सूर होता. आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा अक्षता झाडून कडेला लावल्या होत्या, नवरानवरीचे फोटो संपत आले होते आणि शेवटच्या पंगतीतला मठ्ठा आटोपला होता.

दाजींना कमी लेखण्याचं मात्र कारण नाही, कारण नकाशा वाकवणाऱ्यांच्या घराण्यात फार मोठी नावं आहेत. कोलंबस 1492 साली क्यूबाच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तिथल्या लोकांनी खाणाखुणांनी त्याला सांगितलं, की हे बेट आहे, होडीने वीस दिवसांतही त्याची फेरी पुरी होणार नाही. त्याच्या रोजनिशीचा जो गोषवारा आज मिळतो त्यात ही नोंद आहे. म्हणजे त्याला विचारावंसुद्धा लागलं नव्हतं, उत्तर समोरून आलं होतं. पण त्याच्या डोक्यातल्या नकाशात तिथे आशिया खंड असायला हवा होता. दुसऱ्या सफरीत, 1494 च्या जूनमध्ये, क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याने जाता जाता त्याने परत फिरायचं ठरवलं. आणि फिरण्याआधी नोटरीला प्रत्येक जहाजावर पाठवून सगळ्या खलाशांकडून शपथ घेतली, की ही मुख्य भूमी आहे, बेट नव्हे. पुढे कुणी याउलट बोलल्यास दहा हजार मारावेदी दंड आणि जीभ छाटण्याची शिक्षा. डाव्या सीटवरून येणारं वाक्य कायमचं बंद करण्याचा याहून पक्का बंदोबस्त इतिहासात झाला नसेल. दाजींकडे नोटरी नव्हता, त्यांनी वेग वाढवून भागवलं.

आता चुकल्याचं मनाला कळलं असं धरू. तरीही काही जण विचारत नाहीत, त्यांच्यापुढे दुसरीच भीती असते: समोरचा माणूस काय म्हणेल? त्याचा खोळंबा होईल, तो वैतागेल, हसेल. या भीतीचं माप घेणारा एक छान प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी तो 2008 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, की अनोळखी माणसाला थांबवायचं, व्यायामशाळा सापडत नाही म्हणायचं आणि तिथपर्यंत सोबत येता का असं विचारायचं. रस्ता सांगा असं नव्हे, चालत सोबत चला. आधी त्यांना अंदाज विचारला: किती जणांना विचारल्यावर एक जण तयार होईल? सरासरी उत्तर आलं सातच्या आसपास. प्रत्यक्षात दोन-तीन जणांना विचारल्यावर काम होत होतं. विचारणारा स्वतःच्या अवघडलेपणात इतका बुडालेला असतो, की समोरच्यालाही ‘नाही’ म्हणायला अवघड जातं हे त्याच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे हा प्रयोग केला असता तर आकडा आणखी खाली आला असता. चौकात एकाला रस्ता विचारला तर न विचारलेले तिघे सांगायला येतात, आणि चौथा ‘मला पण तिकडेच जायचंय’ म्हणत मागचं दार उघडतो.

पण न विचारणाऱ्यांची एक बाजू खरी आहे आणि ती मांडली पाहिजे. विचारून चुकलेले लोकही कमी नाहीत. पीटर कॉलेट आणि ग्रेगरी ओशे या संशोधकांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात इराणमध्ये आणि इंग्लंडमध्ये लोकांना चक्क अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाचा रस्ता विचारला होता. इराणमधल्या काही जणांनी तो सांगितला. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता. परक्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांना बरं वाटलं नाही. हे वाचताना मला महाराष्ट्रातले कितीतरी पार आणि टपऱ्या आठवल्या. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द आपल्याकडेही तोंडातून सहज निघत नाहीत. वर अंतराचा प्रश्न असतो. ‘ह्ये काय, हाकेच्या अंतरावर’ हे अंतर हाक मारणाऱ्याच्या छातीवर अवलंबून असतं आणि ते तीनशे मीटरपासून सात किलोमीटरपर्यंत काहीही निघू शकतं.

यातला निम्मा दोष विचारणाऱ्याच्या प्रश्नात असतो. बहुतेक जण काच अर्धी खाली करून विचारतात, ‘हा रस्ता वडगावलाच जातो ना?’ हा प्रश्न नाही, ही मान्यतेची मागणी आहे, आणि भला माणूस ती पुरी करतो. ‘जातो की,’ तो म्हणतो. फिरून फिरून सगळेच रस्ते वडगावला जातात. उत्तर प्रश्नातच घालून दिलं की समोरचा तेच परत देतो, आणि वाकलेल्या नकाशावर साक्षीदाराची सही होते. त्याऐवजी ‘वडगावला कसं जायचं?’ असं मोकळं विचारलं, तर ज्याला माहीत नाही तो अडखळतो, आणि त्याचं अडखळणं आपल्याला दिसतं. मग पुढच्या टपरीवर तेच विचारायचं. दोन उत्तरं जुळली तर निघायचं. विचारायचं तेही स्थायिक माणसाला: किराणा दुकानदार, रिक्षावाला, पोस्टमन. हातात पिशवी घेऊन थांब्यावर उभा असलेला माणूस स्वतःच पाहुणा असतो. आणि पारावर चौघे बसले असतील तर एकाकडे बघून विचारावं. चौघांना मिळून विचारलं तर चार रस्ते मिळतात आणि आपण निघून गेलो तरी त्यांचं भांडण चालू राहतं.

शेवटचा एक प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात, आणि तोच सगळ्यात मोलाचा आहे: ‘चुकून पुढे गेलो तर काय दिसेल?’ भारतीय लोक एकमेकांना रस्ता कसा सांगतात याचा गूगलच्या नकाशावाल्यांनी अभ्यास केला होता, आणि 2009 साली इथल्या मार्गदर्शनात देऊळ, पेट्रोल पंप अशा खुणा आणल्या. त्यांना आढळलं, की खुणा नुसत्या वळण दाखवायला लागत नाहीत. आपण बरोबर चाललो आहोत ना, ही खात्री करायलाही लागतात. आम्हाला निघताना कुणी एवढंच सांगितलं असतं, की पुलावर चढलात तर चुकलात आणि बोगदा दिसला तर फारच चुकलात, तर दाजींना काही वाकवताच आलं नसतं. बोगद्याचा अर्थ आधीच ठरून गेला असता. शिवाय हा प्रश्न घरून निघताना विचारायचा असतो, तेव्हा कुणीच चुकलेलं नसतं. चुकण्याआधी केली तर ती चौकशी, चुकल्यावर केली तर कबुली. ज्यांना कबुली जमत नाही त्यांनी चौकशी उरकून घ्यावी.

आता फोन आले आणि न विचारणाऱ्यांचे दिवस पालटले. दाजींना फोन इतका आवडला, की ते ओळखीच्या वाण्याकडेही नकाशा लावून जातात. मला आधी वाटलं, त्यांना तंत्रज्ञानाची गोडी लागली. पण त्यांचं खरं सुख वेगळं आहे. वळण चुकलं तर फोनमधली बाई ‘मी मघाशीच सांगितलं होतं’ म्हणत नाही. टोमणा नाही, उसासा नाही. गुपचूप नवा रस्ता काढून देते, जणू आपण मुद्दामच इकडून आलो. शिवाय चुकलंच, तर फोन चुकला असं म्हणता येतं. पंक्चरवाल्याने सांगितलेल्या रस्त्याबद्दल असं म्हणता येत नसे, कारण ताई विचारायची, ‘तुम्ही नीट ऐकलंत का?’

दाजी आता निवृत्त झाले आहेत. तळमजल्याच्या घरात खिडकीशी बसतात. सोसायटीबाहेर एखादी गाडी हळू झाली की चप्पल घालून फाटकाशी हजर. कुणी पत्ता विचारलाच, तर आधी तो आला त्या रस्त्याने का यायला नको होतं ते सांगतात. मग कुठे वळायचं नाही ते. मग कुठे वळायचं ते, वाटेतल्या खुणांसकट, आणि पुढे गेलात तर काय दिसेल तेही. कागद मिळाला तर नकाशा काढून देतात. गाडीत जागा असली तर पुढे बसून पोचवून येतात आणि तासाभराने चालत परततात, चेहरा उजळलेला. परवा मात्र कुरकुरत होते. म्हणाले, ‘हल्ली फार कमी लोक थांबतात. फोनमध्ये बघत बघत त्याच गल्लीत तीन-तीन फेऱ्या मारतील, पण इथे माणूस उभा आहे त्याला म्हणून विचारणार नाहीत. एवढा कसला ताठा असतो रे माणसाला?’